एक जनुक, चार जीव आणि केळ्यावरचे चिलट

नौपाड्यात गोखले रस्त्यावरून संध्याकाळी जाताना फळांच्या गाडीवर जास्त पिकलेल्या केळ्यांभोवती बारीक चिलटे घोंगावताना दिसतात. केळी घरी आणून दोन दिवस टोपलीत राहिली, की ती स्वयंपाकघरातही हजर होतात. आंब्यात अळ्या सोडून बागायतदारांना छळणारी फळमाशी ती ही नव्हे. ती आकाराने मोठी आणि वेगळ्या कुळातली. केळ्यावरच्या या लहान चिलटांच्या गोतावळ्यातली एक जात म्हणजे ‘ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर’. पुण्याच्या ‘आयसर’ या संस्थेतल्या संशोधकांनी माणसाच्या एका असाध्य आजाराचा माग काढायला हीच माशी निवडली. उंदीर नाही, मासा नाही, चिलट! असे का, हे समजून घेण्यासारखे आहे.

आजाराचे नाव एएलएस. स्टीफन हॉकिंग यांच्यामुळे तो अनेकांना ऐकून माहीत असतो. मेंदू आणि मज्जारज्जूतून स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरतात. हातापायांची ताकद जाते, मग गिळणे आणि शेवटी श्वास घेणेही अवघड होते. बहुतेक रुग्णांच्या घरात हा आजार आधी कोणाला झालेला नसतो, पण थोड्या कुटुंबांत तो पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. अशाच ब्राझीलमधल्या कुटुंबांचा अभ्यास करताना २००४ साली ‘व्हीएपीबी’ नावाच्या जनुकात दोष सापडला. या जनुकाच्या सांगण्यावरून पेशी जे प्रथिन बनवते, त्यात ५६व्या जागी प्रोलीन हा घटक असायला हवा. रुग्णांत तिथे सेरीन येतो. साखळीतली एकच कडी बदललेली. दोन प्रतींपैकी एकच बिघडली तरी आजार होतो.

इथवर माणसांच्या अभ्यासातून कळले. पण ही कडी बदलल्याने चेतापेशीत नेमके काय बिघडते, हे रुग्णाकडून कळणे कठीण. त्याच्या मज्जारज्जूचा तुकडा काढून पाहता येत नाही. त्यामुळे दुसरा जीव शोधावा लागतो. सुदैवाने हे जनुक फार जुने आहे. त्याचे पहिले भाऊबंद सापडले ते १९९५ साली, तेही एका समुद्री गोगलगायीत. यीस्ट, सूत्रकृमी, माशी, मासा, उंदीर या सगळ्यांत ते आहे. म्हणजे निवडीला वाव भरपूर, आणि अडचणही तीच.

सामान्य माणसाला वाटेल, की माणसाच्या जितका जवळचा प्राणी तितका चांगला. मग उंदीरच घ्यावा. तो घेऊन पाहिलाही गेला. उंदरातून हे जनुक पूर्ण काढून टाकले, तर हालचालीत किरकोळ दोष दिसला. एएलएससारखा आजार मात्र उभा राहिला नाही. याचे एक संभाव्य कारण असे, की उंदराला आणि आपल्याला व्हीएपीबीचे एक सख्खे भावंड आहे, व्हीएपीए. एक गैरहजर असला की दुसरा त्याचे काम ओढत असावा. घरात दोन कमावते असले, की एकाची नोकरी गेल्याचे शेजाऱ्यांना लवकर कळत नाही, तसेच हे. माशीत मात्र असे एकच जनुक आहे. ते पूर्ण बंद केले तर माशी जगत नाही. बिघाड लपायला जागा उरत नाही.

मग यीस्ट का नको? पाव फुगवणारे यीस्ट साधारण दीड तासात दुप्पट होते. त्याच्याइतके स्वस्त आणि झटपट काहीच नाही. यीस्टमधल्या भाऊबंदाचे नाव ‘एससीएस२’. ते काढून टाकलेले यीस्ट ३७ अंशांवर इनोसिटॉल हे पोषकद्रव्य वरून दिल्याशिवाय नीट वाढत नाही. या साध्या निरीक्षणावरून पुढे मोठी गोष्ट उलगडली. हे प्रथिन पेशीतल्या आंतर्द्रव्यजालिकेच्या पडद्यात रुतून बसते आणि एका हुकासारखे काम करते. विशिष्ट खूण असलेली दुसरी प्रथिने त्या हुकाला अडकतात. जालिकेला पेशीच्या बाहेरच्या पडद्याजवळ धरून ठेवण्यातही त्याचा वाटा असतो. ‘हे प्रथिन पेशीत करते काय?’ या प्रश्नाला यीस्टने दिलेले उत्तर आजही पाया मानले जाते. पण यीस्टला ना चेतापेशी, ना स्नायू. ‘चेतापेशीच का मरते?’ हे त्याला विचारण्यात अर्थ नाही.

सूत्रकृमी म्हणजे ‘सी. एलिगन्स’. एक मिलिमीटर लांब, पारदर्शक, तीनेक दिवसांत अंड्यातून प्रौढ. त्याच्या उभयलिंगी प्रौढात बरोबर ३०२ चेतापेशी असतात, आणि प्रत्येकीला नाव आहे. पेशी पेशीला काय सांगते, हे पाहायला याहून सोयीचा प्राणी नाही. त्यात एक अनपेक्षित बाब दिसली. या प्रथिनाचा एक तुकडा कापला जातो, पेशीबाहेर पडतो आणि दूरच्या स्नायूंना निरोप पोचवतो. तो पोचला नाही, तर स्नायूंतल्या ऊर्जा बनवणाऱ्या तंतुकणिकांची घडी विस्कटते. हुक म्हणून ओळखले जाणारे प्रथिन पत्राचेही काम करते, हे यीस्टमध्ये कधीच दिसले नसते, कारण तिथे दुसऱ्या अवयवाला पत्र लिहायचा प्रश्नच नाही.

झेब्रामासा आपल्या गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातलाच. तो पाठीचा कणा असलेला, म्हणून आपल्या जवळचा. त्याचा गर्भ पारदर्शक असतो, त्यामुळे मज्जारज्जूतून निघून स्नायूकडे जाणारी चेता जिवंतपणीच वाढताना पाहता येते. या माशात व्हीएपीबीचे प्रमाण कमी केले, की पिल्लांचे पोहणे बिघडते. पण पुढची पिढी यायला तीनेक महिने लागतात, आणि माशांच्या पूर्वजांत एकदा संपूर्ण जनुकसंच दुप्पट झाल्याने आपल्या अनेक जनुकांना त्यांच्यात दोन-दोन जोडीदार आहेत. एखादे जनुक तपासायला मासा उत्तम. हजारो तपासायची असतील, तर मात्र खर्च आणि वेळ दोन्ही हाताबाहेर जातात.

पुण्याच्या गटाला नेमके हेच करायचे होते. आयसरचे गिरीश रत्नपारखी, आघारकर संशोधन संस्थेच्या अनुराधा रत्नपारखी आणि सहकाऱ्यांचा प्रश्न असा होता: व्हीएपीच्या कामात आणखी कोणकोणती जनुके हात घालतात? उत्तर आधी माहीत नाही, अंदाजही नाही. अशा वेळी जनुके एकामागून एक मंद करून पाहावी लागतात. म्हणजे जीव असा हवा, की ज्याला चेता आहे, स्नायू आहे, आणि तरी त्याच्या हजारो जोड्या मक्याच्या पिठाच्या खाद्यावर नळ्यांत वाढवता येतील. पंचवीस अंशांवर माशीची एक पिढी दहा दिवसांत पुरी होते. निवड जवळजवळ आपोआप झाली.

पायाभरणी आधीच झालेली होती. २००८ साली अनुराधा रत्नपारखी आणि त्यांच्या अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी माणसातला दोष माशीच्या जनुकात तसाच घातला होता. माशीच्या प्रथिनात ती कडी ५८वी येते. माशीच्या अळीत चेतेचे टोक स्नायूवर पसरते, तेव्हा त्यावर मण्यांसारख्या गाठी असतात. निरोगी प्रथिन जास्त प्रमाणात बनवले, की गाठी पुष्कळ आणि लहान होतात. दोषी प्रथिन बनवले, की त्या मोठ्या होतात, जणू मूळ जनुकच बंद पडले आहे. कारणही दिसले: दोषी प्रथिनाचे पेशीत गोळे होतात आणि ते चांगल्या प्रथिनालाही आपल्यात ओढून घेतात. एक प्रत बिघडली तरी आजार का होतो, याचे हे पटण्यासारखे स्पष्टीकरण होते.

पण हजारो अळ्या फाडून गाठी मोजत बसणे शक्य नाही. इथे माशीची एक गंमत कामाला आली. तिच्या पाठीवर ठराविक जागी, ठराविक संख्येने राठ केस असतात. तिथे व्हीएपी जास्त बनवले, की केस कमी होतात. मग त्याच माशीत दुसरे एखादे जनुक मंद करायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली केस मोजायचे. केस आणखी घटले किंवा परत आले, तर त्या जनुकाचा व्हीएपीशी काही संबंध आहे. केसाचा एएलएसशी काय संबंध, असे कोणी विचारेल. काहीच नाही, केस हा फक्त मोजायला सोपा काटा आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात २,६३५ जनुके तपासली गेली आणि १०३ सापडली. त्यांत ‘एसओडी१’ होते, म्हणजे एएलएसशी नाते जुळलेले सर्वांत पहिले जनुक, आणि आणखी दोन आधी माहीत असलेलीही. जाळे योग्य पाण्यात पडल्याची ही खूण. नवीन नावांत पेशीची वाढ ठरवणारे ‘टॉर’ पुढे आले. मग पुन्हा अळीकडे, खऱ्या चेतेकडे वळून पाहिले: टॉर मंद केल्यावर मोठ्या झालेल्या गाठी मूळ आकाराकडे परतल्या. टॉरला रोखणारे रॅपामायसिन हे औषध अळ्यांना खाऊ घातले, तेव्हाही तसेच झाले.

अशा कामात फसगत होण्याच्या जागा ठरलेल्या असतात. माशीत एखादे जनुक हव्या त्या पेशीत चालू करायला ‘गॅल४’ नावाचे यीस्टकडून उसने घेतलेले बटण वापरतात. या बटणावर एकाऐवजी दोन दिवे लावले, तर दोन्ही थोडे मंद पेटू शकतात. मग दुसऱ्या जनुकाने व्हीएपीचा परिणाम कमी केल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात व्हीएपीच कमी बनलेले असते. ओळखायचे कसे? दुसऱ्या जनुकाच्या जागी निरुपद्रवी, चमकणारे प्रथिन लावून पाहायचे. तरीही केस परत आले, तर तो शोध खोटा. शिवाय हे बटण उष्णतेत जास्त जोराने चालते. ठाण्या-पुण्याच्या एप्रिलमध्ये उबवणपेटी बिघडली, तर आठवड्याचे आकडे फेकून द्यावे लागतात. आणि जनुक मंद करणारा धागा चुकून दुसऱ्याच जनुकाला लागू शकतो, म्हणून त्याच जनुकाच्या वेगळ्या भागावर बेतलेला दुसरा धागा वापरून तेच दिसते का, हे पाहणे भाग पडते.

माशीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. अळीच्या स्नायूला चेता ग्लुटामेटने निरोप देते, आपल्या स्नायूला अॅसिटाइलकोलीनने. गाठ मोठी होणे म्हणजे चेतापेशी मरणे नव्हे. आणि माणसात हा आजार प्रौढ वयात, सावकाश येतो. अळीचे आयुष्य काही दिवसांचे. त्यामुळे रॅपामायसिनने अळीच्या गाठी लहान झाल्या, यावरून रुग्णाने ते मागायला जाऊ नये. ते रोगप्रतिकारशक्ती दाबणारे औषध आहे. त्याच गटाने २०१९ मध्ये एसओडी१चा धागा पुढे नेला. त्याचे प्रमाण घटले, की पेशीत ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू वाढतात, पेशीची कचरा-विल्हेवाट यंत्रणा जोरात चालते आणि दोषी प्रथिनाचे गोळे कमी होतात, असे माशीत दिसले. माणसाच्या चेतापेशीत असेच घडते का, हे मात्र चिलटाला विचारता येणार नाही. त्यासाठी रुग्णाच्या त्वचेपासून वा रक्तापासून घडवलेल्या चेतापेशी लागतात. त्या महाग असतात आणि तयार व्हायला कित्येक आठवडे घेतात. त्यांच्यावर २,६३५ जनुके नव्हे, पाच-दहाच तपासून परवडतात. ती पाच-दहा कोणती, एवढे माशीने सांगितले आहे.