पंचवीस मिनिटं आणि एक टेकडी

आमच्या आंतर-हाऊस क्रॉस कंट्रीत गुण फक्त पुढे येणाऱ्यांनाच मिळतात असं नाही. वेळेचे एनक्लोजर असतात. सीनियर गटाला ५ किलोमीटर असतात आणि २५ मिनिटांच्या आत जो आला तो दुसऱ्या एनक्लोजरमध्ये. त्याच्या हाऊसला त्याचे गुण मिळतात, मग तो चाळीसावा का असेना. त्यामुळे आमच्याकडे हाऊस जिंकतं ते पहिल्या तिघांमुळे कमी आणि चोवीस-पंचवीस मिनिटांच्या आसपास धावणाऱ्या पोरांमुळे जास्त. हा लेख त्या पोरांसाठी आहे. पहिल्या तिघांना काही सांगायची गरज नाही, ते ऐकतही नाहीत.

असा एक दहावीतला कॅडेट घेऊ. ट्रॅकवर तो ५ किलोमीटर साडेबावीस मिनिटांत धावतो, म्हणजे दर किलोमीटरला साडेचार मिनिटं. हिशेबाने त्याच्याकडे अडीच मिनिटं शिल्लक आहेत. तरीही तो एनक्लोजर चुकवू शकतो, आणि बहुतेक वेळा ते टेकडीवर ठरतं.

आमचा मार्ग असा आहे. मागच्या गेटपर्यंत पहिला १ किलोमीटर मुरमाचा सपाट रस्ता. मग ८०० मीटर शेतांमधून, सगळी माळव्यातली काळी माती. त्यानंतर ६०० मीटरचा चढ, ज्यात आपण ४८ मीटर उंची चढतो, म्हणजे दर शंभर मीटरला आठ मीटर. पलीकडे ७०० मीटर दगडी उतार आणि शेवटी १९०० मीटर कालव्याच्या कडेचा सपाट रस्ता, थेट ग्राउंडपर्यंत.

सपाटीवर घड्याळ खरं बोलतं. चढावर ते फसवतं. इतक्या चढावर त्याच वेगाने पळायला सपाटीच्या जवळजवळ दीडपट शक्ती लागते. उतारावर थोडी शक्ती वाचते, पण चढावर गेलेली सगळी परत मिळत नाही. म्हणून चढावर वेग सारखा ठेवायचा नसतो, मेहनत सारखी ठेवायची असते. सपाटीवर साडेचार मिनिटांनी धावणाऱ्याने चढावर किलोमीटरला पावणेसात मिनिटं घेतली तर तो आळशीपणा करत नाही, तो बरोबर धावतोय.

हाच हिशेब पूर्ण मार्गाला लावू. गेटपर्यंत ४ मिनिटं ३५ सेकंद. शेतातून ४ मिनिटं १२ सेकंद. चढ ४ मिनिटं ३ सेकंद. उतार दगडी असल्यामुळे तिथे वेळ फारसा कमी होत नाही, ३ मिनिटं १२ सेकंद. आणि शेवटच्या सपाटीला त्याच्या नेहमीच्या वेगाने ८ मिनिटं ३३ सेकंद. बेरीज २४ मिनिटं ३५ सेकंद. पंचवीस सेकंद राखून तो आत.

आता तोच कॅडेट चढाच्या पायथ्याशी आला आहे. दुसऱ्या हाऊसचा एकजण त्याला मागे टाकतो आणि बाजूने कोणीतरी त्याच्या हाऊसचं नाव ओरडतं. तो चढ साडेपाचच्या वेगाने काढतो. माथ्यावर त्याने तब्बल ४५ सेकंद कमावलेले असतात. पण मांड्या भरून आलेल्या असतात, श्वास ताब्यात नसतो आणि अजून अर्ध्याहून जास्त शर्यत उरलेली असते. शेवटच्या १९०० मीटरवर त्याचा वेग साडेचारवरून पाच मिनिटं दहा सेकंदांवर घसरला, तर तिथे ७६ सेकंद जातात. उतारावर काहीच वेळ गेला नाही असं धरलं तरी एकूण होतात २५ मिनिटं ६ सेकंद. सहा सेकंदांनी बाहेर. गंमत अशी की त्याला स्वतःला वाटतं आपण कालव्यावर कमी पडलो. कालव्यावर फक्त बिल आलं, खर्च टेकडीवर झाला होता.

मेहनत सारखी आहे हे चालू शर्यतीत कसं ओळखायचं? आमचे पीटी उस्ताद एक सोपी खूण सांगतात. पहिल्या किलोमीटरमध्ये शेजारच्याशी एक छोटं वाक्य पूर्ण बोलता आलं पाहिजे. चढावर तीन-चार शब्द निघाले तरी चालतील. एक शब्दही निघत नसेल तर पावलं आखूड करा. वेग कमी करा म्हटलं की कोणी करत नाही, पावलं आखूड करा म्हटलं की जमतं. शेवटच्या किलोमीटरमध्ये मात्र बोलता येत असेल, तर पळायचं काहीतरी शिल्लक राहिलंय.

आता वाटेबद्दल. स्पर्धेच्या दिवशी मार्गावर चुना आणि फीत असते, पण सरावाच्या युनिटमध्ये उस्ताद काही ठिकाणी फक्त दोन झेंडे लावतात आणि मधली वाट आमच्यावर सोडतात. शेतातल्या टप्प्यात शाळेच्याच पडीक तुकड्यावर असे दोन झेंडे असतात. बांधाबांधाने गेलं तर आधी १२० मीटर आणि मग काटकोनात ५० मीटर, मिळून १७०. नांगरलेल्या जमिनीतून तिरकं गेलं तर १३० मीटर. चाळीस मीटर वाचतात म्हणून सगळे नवीन कॅडेट तिरके घुसतात.

आम्ही ते मोजून पाहिलं. बांधावरून धावायला ४९ सेकंद लागले. ढेकळांतून तिरकं जायला ४८. एका सेकंदासाठी घोटे पणाला लावायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं. पाऊस पडून गेल्यावर तर प्रश्नच उरत नाही. काळी माती बुटाला थरावर थर चिकटते आणि पंधरा-वीस पावलांत बूट ओळखू येत नाही. त्या दिवशी तिरक्या वाटेला मिनिटाच्या वर लागतं. हिवाळा सरल्यावर हीच माती वाळून फाटते आणि भेगा गवताखाली दिसत नाहीत, पाय आत गेला की घोटा मुरगळतोच. म्हणजे एकच वाट तीन ऋतूंत तीन प्रकारची असते. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी मार्ग चालत पाहून या असं सांगतात, ते याचसाठी. आणि जिथे शेतकऱ्याचं पीक उभं आहे तिथे कुठलाच हिशेब करायचा नाही, बांध सोडायचा नाही.

चालत पाहताना तीन गोष्टी बघायच्या. रस्ता कुठे अरुंद होतो, कारण तिथे गर्दी होते आणि धक्काबुक्कीत कोणीतरी पडतं. आमच्याकडे ती जागा मागचं गेट आहे. कडेला काय आहे, म्हणजे काटेरी तार, उघडं गटार आणि मुख्य म्हणजे कठडा नसलेली विहीर. आमच्या मार्गापासून वीस पावलांवर अशी एक आहे, तिथे सरावालाही दोरी बांधून एक कॅडेट उभा असतो. आणि तिसरं, उतारावर पाय कुठे टाकायचा.

पडण्याचे जवळपास सगळे प्रकार उतारावरच होतात. आपण घाबरून मागे झुकतो, टाच पुढे रोवून ब्रेक मारतो आणि टाचेखालचा दगड निसटतो. त्याऐवजी शरीर किंचित पुढे, गुडघे थोडे वाकलेले, पावलं छोटी आणि भराभर, हात बाजूला थोडे पसरलेले. नजर पायाजवळ नाही, चार-पाच मीटर पुढे. यासाठी पुढच्या धावणाऱ्यापासून तेवढं अंतर हवं, नाहीतर त्याच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. घोटा मुरगळलाच तर एक साधी कसोटी आहे. चार पावलं स्वतःच्या पायावर टाकता येत नसतील तर शर्यत संपली, पायावर भार न देता एमआय रूम आणि एक्स-रे. टाकता आली तरी पुढचा दिवस पळायचं नाही.

आई-बाबांना सर्वात जास्त काळजी ऊन लागण्याची असते आणि ती योग्य आहे. स्पर्धा हिवाळ्यात असली तरी सराव ऑक्टोबरच्या उन्हात सुरू होतो. दमलेला मुलगा आणि ऊन लागलेला मुलगा यांत फरक एकच, डोकं. दमलेला बसतो, पाणी मागतो, शिव्याही घालतो. ऊन लागलेला अडखळतो, भलतीच दिशा धरतो, आपलं हाऊस विचारलं तर वेगळंच काहीतरी सांगतो, कधी उगाच भांडतो. घाम येतोय म्हणून तो ठीक आहे असं समजायचं नाही. धावताना लागलेल्या उन्हात घाम येत राहू शकतो.

अशा वेळी आधी थंड करायचं, मग हलवायचं. गाडीची वाट पाहत बसण्यात जी मिनिटं जातात तीच मेंदूला महाग पडतात. त्याला सावलीत घ्या, बूट आणि बनियन काढा, अंगावर सतत गार पाणी ओता आणि वारा घाला. म्हणून टेकडीच्या पायथ्याशी आणि कालव्यावर पाण्याचे ड्रम, मेसमधला बर्फ आणि जुन्या चादरी ठेवलेल्या असतात. चादर बर्फाच्या पाण्यात बुडवून अंगावर टाकायची, ती गरम झाली की दुसरी. टब असेल तर गळ्यापर्यंत पाण्यात ठेवणं सगळ्यात चांगलं, डोकं मात्र कोणीतरी धरून. गोंधळलेल्या मुलाच्या तोंडात पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जाऊ शकतं. तापाची गोळीही उपयोगाची नाही, कारण हा तो ताप नव्हे. एकाने हे करत राहायचं, दुसऱ्याने एमआय रूमकडे पळायचं. डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत थंड करणं थांबवायचं नाही.

खरा धोका आदल्या रात्री सुरू होतो. अंगात कणकण आहे, जुलाब झालेत, पण हाऊसला एक माणूस कमी पडेल म्हणून कॅडेट गप्प राहतो. ताप असलेलं शरीर शर्यत सुरू होण्याआधीच तापलेलं असतं. जुलाबाने पाणी आधीच गेलेलं असतं. यंदा आमच्याकडे नियम झाला की सकाळच्या फॉल-इनला ज्याने आजारी असल्याचं सांगितलं त्याच्या जागी राखीव कॅडेट धावेल आणि हाऊसचे गुण कापले जाणार नाहीत. नियम लागू झाल्यावर पहिल्याच सरावाला चार हात वर आले. त्याआधी कधी एकही येत नव्हता. दमा असलेल्यांनी पंप खिशात ठेवूनच धावायचं, आणि पालकांनी घरून हाऊस मास्तरांना ते लेखी कळवलेलं असावं.

सगळ्यांच्या मागे एक सीनियर धावतो. त्याला वेळ नसते, गुण नसतात, आणि त्याच्या मागे कोणी राहायचं नाही हे त्याचं एकच काम. निघताना मोजलेली संख्या आणि परत आलेल्यांची संख्या त्याच्या आणि उस्तादांच्या वहीत जुळली की मगच पाण्याचे ड्रम उचलतात.