वाऱ्याच्या वाटेवरची शेवटची चिप

टेलिफोन एक्स्चेंजच्या कपाटात सर्किट बोर्ड शेजारी शेजारी उभे असतात आणि मधल्या फटीतून पंखा हवा खालून वर ढकलतो. वर जाताना हवा तापते, म्हणून टोकाच्या चिपला गरम हवाच मिळते.

एक फट घेऊ: रुंदी २० सेंटिमीटर, जाडी दीड सेंटिमीटर, हवेचा वेग सेकंदाला २ मीटर. म्हणजे सेकंदाला सुमारे ६ लिटर हवा. ही हवा एक अंशाने तापायला साधारण ७ वॅट लागतात. बोर्ड ३५ वॅट उष्णता सोडत असेल, तर ३० अंशांनी आत आलेली हवा ३५ अंशांनी बाहेर पडेल.

बोर्ड मात्र ३५ अंशांवर थांबत नाही. पृष्ठभागाला चिकटून हवेचा संथ थर असतो, तो ओलांडायला उष्णतेला आणखी तापमानफरक लागतो. इथे तो ४५ अंशांच्या आसपास येतो, म्हणजे टोकाशी बोर्ड ८० अंशांवर! तळाशी हा थर पातळ असतो, त्यामुळे तिथला बोर्ड बराच थंड राहतो. हा अंदाज सरासरीचा. एखादी जास्त वीज खाणारी चिप याहून तापते.

जाळीत धूळ साचून वेग निम्मा झाला, तर हवेची तापवाढ ५ वरून १० अंशांवर जाते. बाहेर पडणाऱ्या हवेत थर्मामीटर धरला की हे लगेच कळते.