ड्राइव्हमध्ये आहे, पण सापडत नाही

गृहनिर्माण सोसायटीचा सचिव बदलला की नव्या सचिवाच्या हाती दोन गोष्टी येतात: कपाटाच्या किल्ल्या आणि गूगल ड्राइव्हवरच्या एका फोल्डरची लिंक. किल्ल्यांचं कुणी शिकवावं लागत नाही. लिंक उघडली की मात्र आठ-दहा वर्षांचा पसारा समोर येतो. सभांची इतिवृत्तं, कोटेशनं, बिलं, लेखापरीक्षण अहवाल, ओल आलेल्या भिंतींचे फोटो, आणि Scan0012, Scan0012 (1), final final अशा नावांच्या फायली. त्यात पावसाळा तोंडावर आलेला असतो, गच्चीतून पाणी झिरपत असतं आणि जुने सभासद सांगतात, "अहो, २०१९ला वॉटरप्रूफिंग केलं तेव्हा कंत्राटदारानं दहा वर्षांची गॅरंटी लिहून दिलीय. ड्राइव्हवर टाकलीय की!"

समजा, अशाच एका सोसायटीत नव्या सचिवबाईंना हे पत्र शोधायचं आहे. वरच्या शोधपेटीत waterproofing टाकलं तर दीडशे-दोनशे निकाल येतात आणि त्यात ते पत्र दिसत नाही. इथे बहुतेक जण हात टेकतात. पण ड्राइव्ह कसा शोधतो हे माहीत असेल तर पुढचा रस्ता सापडतो.

आपण शब्द टाकल्यावर ड्राइव्ह एकेक फाईल उघडून बघत बसत नाही. फाईल चढवली जाते तेव्हाच तिची नोंद तयार होते: प्रकार कोणता, मालक कोण, शेवटचा बदल कधी झाला आणि आत कोणते शब्द वाचता आले. शोध होतो तो या नोंदींत. म्हणजे फाईल असूनही नोंद चुकीची किंवा अपुरी असेल तर ती सापडणार नाही. या चार नोंदी सारख्याच भरवशाच्या नाहीत, त्यामुळे सगळ्या गाळण्या एकदम लावण्यापेक्षा कोणती आधी लावायची आणि कोणती आधी काढायची, हे कळणं महत्त्वाचं.

सगळ्यात भरवशाची नोंद प्रकाराची. शोधपेटीच्या उजव्या टोकाला आडव्या रेघांवर टिकल्या असलेलं चिन्ह असतं. ते दाबलं की Type, Owner, Has the words, Item name, Location, Date modified अशा रकान्यांचा फॉर्म उघडतो. तेच काम शब्द टाइप करूनही होतं. फक्त अपूर्णविरामानंतर जागा सोडायची नाही.

```
waterproofing type:pdf
```

एवढ्यानं हिशेबाच्या शीट, नोटिसा आणि फोटो बाजूला होतात. प्रश्न इतकाच की ते पत्र पीडीएफच आहे हे आपल्याला नक्की ठाऊक आहे का? व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला पत्राचा फोटो तसाच ड्राइव्हवर टाकला असेल तर त्याचा प्रकार image असतो. म्हणून type:pdf नं काम झालं नाही तर लगेच type:image लावून बघावं. व्हॉट्सअ‍ॅपच्या जुन्या फोटोंच्या नावातच तारीख असते, उदाहरणार्थ IMG-20190915-WA0012. हा फोटो १५ सप्टेंबर २०१९चा, हे नुसत्या नावावरून कळतं.

दुसरी नोंद मालकाची. ती अचूक असते, पण तिचा अर्थ आपल्याला वाटतो तो नसतो. फोल्डर सोसायटीचं असलं तरी आतल्या फाईलचा मालक म्हणजे ती ज्याच्या खात्यातून चढवली तो. मागचे सचिव स्वतःच्या जीमेलवरून फायली टाकत असतील तर त्या त्यांच्याच मालकीच्या राहतात. शोधासाठी हे सोयीचं आहे, कारण २०१९ साली कारभार कुणाकडे होता हे आठवलं की गर्दी निम्मी होते.

```
waterproofing owner:maji.sachiv@example.com
```

सोसायटीसाठी मात्र ही धोक्याची घंटा आहे. त्या गृहस्थांनी फाईल कायमची काढून टाकली किंवा खातंच बंद केलं तर ती सोसायटीच्या फोल्डरमधूनही जाते. म्हणून कारभार सोपवताना मालकी हस्तांतरित करून घ्यावी. वैयक्तिक खात्यांत जुना मालक तसा प्रस्ताव पाठवतो आणि नव्यानं तो स्वीकारावा लागतो. उलटा प्रकारही होतो. दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये आपण टाकलेली फाईल, त्यानं फोल्डरच काढून टाकल्यावर, आपल्या खात्यात बेघर होऊन पडून राहते. ती कुठल्याच फोल्डरमध्ये दिसत नाही, पण is:unorganized owner:me असं शोधलं की समोर येते. माजी सचिवांना त्यांच्या खात्यातून हा शोध एकदा घ्यायला सांगायला हरकत नाही.

तिसरी नोंद तारखेची, आणि सर्वांत जास्त फसगत इथेच होते. काम २०१९-२० या आर्थिक वर्षातलं, म्हणून बाईंनी असं लिहिलं:

```
waterproofing type:pdf after:2019-04-01 before:2020-04-01
```

निकाल आले ते तीन कोटेशनं आणि एक बिल. पत्र नाहीच. कारण before आणि after बघतात ती फाईलमध्ये शेवटचा बदल झाल्याची तारीख. कागदावरच्या तारखेशी त्यांना देणंघेणं नाही. पत्र सप्टेंबर २०१९चं असलं तरी कुणी टाळेबंदीत घरी बसून जुनी फाईल स्कॅन केली असेल तर ड्राइव्हच्या लेखी ते २०२०च्या मे महिन्यातलं. गूगल डॉक्समधल्या जुन्या इतिवृत्तात आज एक स्वल्पविराम घातला तरी त्याची तारीख आजची होते. म्हणून तारीख लावायचीच तर खालची मर्यादा तेवढी ठेवावी. कागद तयार होण्याआधी त्याचं स्कॅन होऊ शकत नाही, त्यामुळे after सहसा दगा देत नाही, before देतो. शोध रिकामा आला तर सगळं पुसून नव्यानं सुरुवात करण्याऐवजी पहिल्यांदा before काढावा.

उरला आतला मजकूर. हे हत्यार सगळ्यात धारदार, पण मराठी कागदांच्या बाबतीत सगळ्यात बेभरवशाचं. त्याची तीन कारणं आहेत.

पहिलं कारण आपल्या प्रत्ययांचं. गूगलनं प्रोग्रामरसाठी जे नियम दिलेत त्यांत मजकुराचा शोध पूर्ण शब्द जुळवतो, असं स्पष्ट सांगितलंय: कागदात HelloWorld असेल तर नुसतं Hello शोधून तो मिळणार नाही. मराठीत नाम एकटं क्वचितच येतं. पत्रात 'गच्चीच्या', 'गच्चीवरील', 'गच्चीचे' असेल आणि आपण 'गच्ची' शोधत असू, तर चुकामूक व्हायची शक्यता मोठी. त्यावर उपाय म्हणजे शब्दाची दोन-तीन रूपं मोठ्या अक्षरांतल्या OR नं जोडून द्यायची. इंग्रजी आणि देवनागरी दोन्ही लिपींत द्यायची, हेही आलंच.

```
waterproofing OR वॉटरप्रूफिंग OR गच्चीच्या OR गच्चीवरील
```

दुसरं कारण जुन्या फाँटचं. युनिकोड रुळण्यापूर्वी, आणि अनेक डीटीपीवाल्यांकडे त्यानंतरही, मराठी मजकूर श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या फाँटमध्ये टाइप होत असे. पडद्यावर 'ठराव' दिसतो, पण फाईलच्या पोटात असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. फाँट त्यांना देवनागरीचं रूप देतो. ड्राइव्हला दिसतं ते पोटातलं. अशा फाईलमध्ये 'ठराव' शोधून जन्मात सापडणार नाही. हे ओळखायची परीक्षा सोपी आहे. फाईल उघडून दोन ओळी निवडा, कॉपी करा आणि शोधपेटीत पेस्ट करा. मराठी उमटलं तर ठीक. अगम्य रोमन चिन्हं उमटली तर फाँट जुना आहे. मराठी उमटलं पण वेलांट्या भलत्याच अक्षरांना चिकटल्या, तर पीडीएफ बनवताना मजकूर मोडलाय. आणि काही निवडताच आलं नाही, तर ती फाईल म्हणजे निव्वळ चित्र आहे.

हे चित्र म्हणजेच तिसरं कारण. स्कॅन आणि फोटोंतली अक्षरं ड्राइव्ह स्वतः वाचायचा प्रयत्न करतो. स्वच्छ छापील मजकूर त्याला बऱ्यापैकी वाचता येतो. शिक्क्याखाली दडलेली ओळ, आडवं स्कॅन झालेलं पान, सचिवांच्या हस्ताक्षरातला शेरा यांचं काही खरं नाही. चित्रातला मजकूर डॉक्समध्ये काढून घेण्यासाठी गूगलनंच ज्या अटी सांगितल्यात त्या इथेही लक्षात ठेवण्याजोग्या आहेत: पान सुलटं असावं आणि अक्षरांची उंची निदान १० पिक्सेल असावी. झिप फाईलमध्ये बांधून ठेवलेल्या किंवा पासवर्ड लावलेल्या कागदांच्या मजकुराची आशा सोडलेलीच बरी.

मग गॅरंटीचं पत्र शोधायचं कसं? शब्द दगा देतात तिथे आकडे कामाला येतात. बाईंच्या हाती बिल आलेलंच होतं. १ जुलै २०१७ला जीएसटी लागू झाल्यापासून नोंदणीकृत कंत्राटदाराच्या बिलावर त्याचा १५ अक्षर-आकड्यांचा जीएसटी क्रमांक छापलेला असतो. महाराष्ट्रातली नोंदणी असेल तर सुरुवात २७ने होते आणि त्यापुढची दहा अक्षरं पॅनची असतात. या क्रमांकाला प्रत्यय लागत नाही, त्याचं शुद्धलेखन बदलत नाही आणि मराठी फाँटचा त्याला त्रास नाही. लेटरहेडवर तो छापील असल्यामुळे स्कॅनमधूनही वाचला जाण्याची शक्यता चांगली असते. तो अवतरणचिन्हांत द्यायचा, म्हणजे जसाच्या तसा जुळेल तेच येईल. आणि प्रकार, मालक, तारीख या गाळण्या काढून टाकायच्या.

```
"27AAAAA0000A1Z5"
```

अशा शोधात त्या कंत्राटदाराचे सगळे कागद एका रांगेत येतात: कोटेशन, बिल, पैसे मिळाल्याची पावती, आणि Scan0047.pdf. मराठीत लिहिलेलं, माजी सचिवांच्या मालकीचं, मे २०२०मध्ये चढवलेलं गॅरंटीपत्र. कंत्राटदार छोटा असेल, जीएसटी नसेल, तर पॅन, लेटरहेडवरचा मोबाइल क्रमांक किंवा धनादेशाचा क्रमांक हेच काम करतो. यांतलं काही ना काही हिशेबाच्या वहीत हमखास मिळतं.

पत्र सापडल्यावर लगेच करायचं काम एका मिनिटाचं आहे. फाईल निवडून Details उघडलं की Description नावाचा रकाना दिसतो. फाईल बदलायचा अधिकार असेल तर त्यात लिहिता येतं. ड्राइव्हचा मजकूर-शोध फाईलचं नाव आणि आतल्या शब्दांबरोबर हा रकानाही तपासतो. तिथे युनिकोड मराठीत आणि इंग्रजीत एक ओळ लिहायची: 'गच्ची वॉटरप्रूफिंग गॅरंटी, terrace waterproofing guarantee, सप्टेंबर २०१९, मुदत २०२९'. श्रीलिपीतला ठराव, हस्तलिखित इतिवृत्त, अंधुक स्कॅन अशा ज्या कागदांचं पोट ड्राइव्हला वाचता येत नाही, त्यांना शोधात आणायचा हाच मार्ग. सगळ्या फायलींसाठी हे करत बसायची गरज नाही. गॅरंट्या, करार, विमा आणि सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं एवढ्यांच्या ओळी लिहिल्या तरी पुढच्या सचिवाचा बराचसा शोध पहिल्याच फटक्यात लागेल.