सहा सेकंदांत किती इंग्रजी मावतं?

दोन भाषांचं घरबसलं काम : भाग चौथा

मागच्या भागात आपण मुलाखत ऐकून ती जशीच्या तशी मराठीत उतरवून घेण्यापर्यंत आलो होतो. आता त्या उताऱ्याची इंग्रजी सबटायटलं करायची आहेत. इथे भाषांतराची नेहमीची सवय उपयोगी पडत नाही. पुस्तकाच्या भाषांतरात वाक्य लांबलं तर पान वाढतं, पण पडद्यावर माणूस बोलायचा थांबला की त्याची ओळही जायला हवी. म्हणून या कामात अर्थाच्या आधी वेळ मोजायची असते.

सरावासाठी मी एक उदाहरण तयार केलं आहे. परंडा तालुक्यातल्या काळ्या रानात शेतकरी उभा आहे. मुलाखत घेणाऱ्याने त्याला विचारलं, ‘यंदा रब्बीला काय झालं?’ तो म्हणतो, ‘अवंदा जवारी पेरली, पर पावसानं उघाडच दिली न्हाई, समदी पिवळी पडली. मग मोडली आन् हरभरा टाकला.’ हे बोलायला त्याला सुमारे सहा सेकंद लागतात. पहिलं वाक्य ३.८ सेकंदांत संपतं आणि दुसरं २.२ सेकंदांत.

चांगलं इंग्रजी येणारा माणूस पहिल्या झटक्यात याचं जे भाषांतर करेल ते असं:

```
I sowed jowar this year, but the rain didn't let up
at all, and all of it turned yellow. Then I ploughed
it under and sowed chickpea instead.
```

भाषांतर बरोबर आहे, सबटायटल म्हणून मात्र ते चालत नाही. मधल्या जागा आणि विरामचिन्हं धरून यात १४१ अक्षरं भरतात. सहा सेकंदांत १४१ म्हणजे सेकंदाला साडेतेवीस अक्षरं. मोठ्या माणसांसाठीच्या इंग्रजी सबटायटलांना नेटफ्लिक्सने घातलेली मर्यादा सेकंदाला २० अक्षरांची आहे, तर ‘टेड’च्या व्याख्यानांसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवकांना २१ ची. दोन्हीकडे एका ओळीत जास्तीत जास्त ४२ अक्षरं आणि पडद्यावर एका वेळी दोनच ओळी चालतात. या मर्यादेपलीकडे गेलं की प्रेक्षक वाचतच राहतो आणि बोलणाऱ्याचा चेहरा त्याला दिसत नाही. शेतकऱ्याच्या मुलाखतीत तर तो चेहराच बघायचा असतो.

मग काय कापायचं? सगळ्यात आधी, जे प्रेक्षकाला आधीच कळलेलं आहे ते. प्रश्नातच ‘यंदा’ येऊन गेलं, म्हणून उत्तरातलं ‘अवंदा’ सोडता येतं. पाऊस थांबलाच नाही हे एकदा सांगितलं की त्यावर जोर देणारे शब्द गळले तरी चालतात. ‘त्याऐवजी’ हेही नको, कारण एक पीक गाडून दुसरं पेरलं यात ते आलंच. क्रम मात्र मी बदलणार नाही. शेतकरी आधी पेरणी, मग पाऊस, मग पिवळेपणा असं सांगतो आणि सांगताना त्याचा हात रानाकडे जातो. ‘पावसाने ज्वारी पिवळी पडली’ अशी उलटी मांडणी केली तर अक्षरं आणखी वाचतील, पण हात एकीकडे आणि ओळ दुसरीकडे असं होईल. उरलेलं असं:

```
103
00:12:08,400 --> 00:12:12,200
I sowed jowar, but the rain never let up
and it all turned yellow.

104
00:12:12,280 --> 00:12:14,480
I ploughed it in and sowed chickpea.
```

पहिल्या सबटायटलमध्ये दोन ओळींची मिळून ६५ अक्षरं आहेत. ३.८ सेकंदांना भागलं तर सेकंदाला सतरा येतात. दुसऱ्यात ३६ अक्षरं २.२ सेकंदांत, म्हणजे सोळाच्या थोडं वर. दोन्ही आरामात वाचता येतात. पहिलं संपल्यावर दुसरं ८० मिलिसेकंदांनी सुरू होतं, हेही मुद्दाम केलं आहे. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत या दोन फ्रेम झाल्या. एवढी फट नसेल तर ओळ बदलली हे डोळ्याला कळत नाही आणि प्रेक्षक जुनीच ओळ पुन्हा वाचायला लागतो.

ओळ कुठे तोडायची हेही बघा. पहिल्या सबटायटलमध्ये खालची ओळ ‘आणि’पासून सुरू होते. ‘बट द रेन’वर तोडून ‘नेव्हर लेट अप’ खाली ढकललं असतं तर कर्ता वर आणि क्रियापद खाली गेलं असतं. बेचाळीसच्या आत बसलं म्हणून कुठेही तोडलं, तर वाचणारा अडखळतो.

या कामात परंड्याच्या भाषांतरकाराचं खरं बळ एका शब्दात दिसतं. ‘मोडली’ म्हणजे इथे मोडतोड झाली असा अर्थ नाही. उभं पीक नांगरून किंवा वखरून रानात घातलं, असं शेतकऱ्याला म्हणायचं आहे. शहरात वाढलेला भाषांतरकार इथे पीक ‘मोडून पडलं’ असं लिहून मोकळा होतो. वाक्य इंग्रजीत नीट दिसतं, म्हणून तपासणाऱ्यालाही चूक सापडत नाही. शेतकऱ्याने स्वतः घेतलेला निर्णय मात्र त्या ओळीत निसर्गाचा मार होऊन जातो. शेजारच्या करमाळा तालुक्याची बोली ‘सैराट’मध्ये आहे, आणि २०१६ साली बर्लिनच्या महोत्सवात तिथल्या प्रेक्षकांनी तो चित्रपट सबटायटलांच्या आधारेच पाहिला. सीना नदीच्या दोन्ही अंगांना बोलली जाणारी ही मराठी ज्याला घरातून मिळाली आहे, त्याला हे अर्थ कोशात शोधावे लागत नाहीत.

नावांची यादी कामाच्या सुरुवातीलाच करून ठेवा. परंडा, सोनारी, सीना-कोळेगाव यांची इंग्रजी अक्षरं एकदा ठरली की शेवटपर्यंत तीच राहायला हवीत. जिल्ह्याच्या नावाचं नेहमी विचारलं जातं. २०२३ पासून जिल्हा धाराशिव आहे, पण २०१९ मध्ये चित्रित झालेल्या मुलाखतीत माणूस ‘उस्मानाबाद’ म्हणत असेल तर सबटायटलमध्ये उस्मानाबादच राहील. आपण त्याचं बोलणं लिहितो, ते दुरुस्त करत नाही. प्रेक्षकाचा गोंधळ होईल असं वाटलं तर निर्मात्याला कळवावं आणि पडद्यावर वेगळी पाटी टाकायची की नाही ते त्याला ठरवू द्यावं.

आता बिघाडाचं. फाईल तयार झाली, तुमच्याकडे चोख चालली आणि दोन दिवसांनी पुण्याहून फोन आला की सबटायटलं जुळत नाहीत. इथे एकच प्रश्न विचारायचा. सुरुवातीला किती फरक आहे आणि शेवटाला किती? सगळीकडे सारखीच, समजा पाच सेकंद मागे-पुढे असतील, तर त्यांनी व्हिडिओच्या सुरुवातीला काही जोडलं किंवा कापलं आहे. सगळी फाईल पाच सेकंद सरकवली की काम झालं. सुरुवातीला बरोबर आणि पुढे पुढे फरक वाढत जात असेल, तर फ्रेमचा वेग जुळत नाही. त्यांची फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची आणि तुम्हाला दिलेली प्रत वेग वाढवून २५ ची केलेली असेल, तर तासाभरात जवळजवळ अडीच मिनिटांचा फरक पडतो. अशा वेळी एकेक ओळ सरकवत बसू नका. `Subtitle Edit` या मोफत प्रोग्रॅममध्ये `Synchronization` या मेनूखाली `Change frame rate` आहे. तिथे जुना आणि नवा वेग भरला की सगळ्या वेळा एकदम बदलतात. मध्येच एका ठिकाणापासून पुढे सगळं सरकलं असेल, तर तिथे संपादकाने दृश्य कापलं आहे. तेव्हा त्या जागेपासूनचाच भाग सरकवायचा.

याहून साधे बिघाड एसआरटी फाईलमध्येच असतात. वर दिलेल्या नमुन्यात सेकंदानंतर स्वल्पविराम आहे. तिथे टिंब पडलं की काही प्लेअर ती ओळ वाचत नाहीत. दोन सबटायटलांमधली रिकामी ओळ सुटली तर दुसऱ्याचा क्रमांक आणि वेळ पहिल्याच्या मजकुरात दिसायला लागतात. इंग्रजीतून मराठी करताना फाईल यूटीएफ-८ मध्ये साठवली नाही तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. आणि एकदा प्रश्नचिन्हं साठवली गेली की मूळ अक्षरं परत मिळत नाहीत, म्हणून पाठवण्याआधी फाईल बंद करून पुन्हा उघडून बघायची.

खेड्यातून काम करणाऱ्याने मूळ जड व्हिडिओ मागू नये. कमी दर्जाची प्रत मागावी, पण फ्रेमचा वेग मुळाइतकाच ठेवा आणि पडद्याच्या कोपऱ्यात चालती वेळ दिसू द्या, असं स्पष्ट लिहावं. सेकंदाला एक मेगाबिट दर्जाची दहा मिनिटांची प्रत सुमारे ७५ एमबीची होते आणि मोबाईलच्या नेटवरही उतरते. परत पाठवायची एसआरटी तर दहा-पंधरा केबीची असते.

दहा मिनिटांच्या मुलाखतीत साधारण सव्वाशे ते दीडशे सबटायटलं होतात. उतरवणं, वेळा लावणं, भाषांतर, काटछाट आणि शेवटी सलग पाहणं धरलं तर नवशिक्याला आठ तास लागतील असं समजून चाला. रोज रात्री दोन तास देणाऱ्याचं हे चार दिवसांचं काम आहे. पाचवी रात्र मी मुद्दाम मोकळी ठेवायला सांगेन, कारण काटछाट केलेली ओळ त्याच दिवशी वाचली तर गाळलेला शब्द मनातून भरला जातो आणि उणीव दिसत नाही. दुसऱ्या दिवशी आवाज बंद करून नुसत्या ओळी वाचा. अर्थ लागला नाही तिथे जास्त कापलं गेलं आहे.

मोबदला बहुधा व्हिडिओच्या मिनिटावर ठरतो, आपल्या तासांवर नाही. हिशेबापुरते मिनिटाला शंभर रुपये धरू. हा बाजारभाव नाही. दहा मिनिटांचे हजार रुपये झाले. उताऱ्यापासून सगळं तुम्हीच केलं आणि आठ तास लागले तर तासाला सव्वाशे पडले. उतारा आणि वेळा लावलेली फाईल समोरून आली आणि काम चार तासांत झालं, तर तोच दर तासाला अडीचशेचा होतो. म्हणून दर बोलण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा: उतारा कोण देणार, वेळा कोण लावणार आणि दुरुस्तीच्या किती फेऱ्या याच पैशांत धरल्या आहेत. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर टाळणाऱ्याचं मोठं काम घेऊ नका. एक छोटी मुलाखत करून बघा आणि मग ठरवा.

पुढच्या आठवड्यात उलट दिशेने, म्हणजे इंग्रजीतून मराठीत जाऊ. तिथे अक्षरं मोजण्याचं गणितच बदलतं. ‘स्त्री’ हे डोळ्याला एक अक्षर दिसतं, पण संगणक त्याची सहा चिन्हं मोजतो. तोवर घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या वडीलधाऱ्याला विचारून, त्यांच्या परवानगीने, एका मिनिटाचं बोलणं मोबाईलवर घ्या आणि त्याची सबटायटलं करा. प्रत्येक ओळीपुढे अक्षरं आणि सेकंद लिहून भागाकार मांडा. ज्या ओळी विसाच्या वर गेल्या त्या खोडू नका, तशाच जपून ठेवा. पुढच्या भागात आपल्याला त्या लागणार आहेत.