दाब-आकारमान आलेखातील बंदिस्त क्षेत्रफळ

सिलिंडरमधला वायू तापला की प्रसरण पावून दट्ट्याला ढकलतो, म्हणजेच कार्य करतो. आकारमान आडव्या अक्षावर आणि दाब उभ्या अक्षावर घेतला, तर हे कार्य रेषेखालच्या क्षेत्रफळाइतके भरते. वायू आकुंचन पावताना मात्र बाहेरून त्याच्यावर कार्य करावे लागते, म्हणून तेव्हाचे क्षेत्रफळ वजा धरतात. वायू फिरून मूळ अवस्थेत आला की आलेखावर बंद आकृती तयार होते. प्रसरणाचे क्षेत्रफळ वजा आकुंचनाचे क्षेत्रफळ, म्हणजेच त्या आकृतीत कोंडलेले क्षेत्रफळ, हे चक्राचे निव्वळ कार्य असते. जेम्स वॉटचा सहकारी जॉन सदर्न याने 1796च्या सुमारास वाफेच्या इंजिनालाच असा आलेख कागदावर काढायला लावले होते.

एक साधे चक्र पाहू. सिलिंडरमध्ये हेलियम आहे. दाब 100 किलोपास्कल, आकारमान 1 लीटर. आकारमान स्थिर ठेवून दाब 300 पर्यंत वाढवला. मग त्याच दाबाने वायू 3 लीटरपर्यंत पसरू दिला. पुढे आकारमान न बदलता दाब 100 वर आणला आणि शेवटी वायू दाबून पुन्हा 1 लीटर केला. आलेखावर आयत उमटतो. किलोपास्कल आणि लीटर यांचा गुणाकार थेट ज्यूलमध्ये येतो. प्रसरणात वायूने 300 × 2 = 600 ज्यूल कार्य केले, आकुंचनात त्याच्यावर 100 × 2 = 200 ज्यूल झाले. उभ्या बाजूंवर आकारमान बदलत नाही, म्हणून तिथे कार्य शून्य. निव्वळ कार्य 400 ज्यूल, आणि आयताचे क्षेत्रफळही 200 × 2 = 400.

वायूची आंतरिक ऊर्जा केवळ त्याच्या अवस्थेवर अवलंबून असते. चक्र पूर्ण झाल्यावर ती होती तितकीच उरते. त्यामुळे निव्वळ शोषलेली उष्णताही 400 ज्यूलच असली पाहिजे.

मात्र इंजिनाला दिलेली उष्णता 400 ज्यूल नव्हे. या चक्रात हेलियम पहिल्या टप्प्यात 300 आणि दुसऱ्यात 1500 असे एकूण 1800 ज्यूल घेतो. तिसऱ्या टप्प्यात 900 आणि चौथ्यात 500 असे 1400 ज्यूल बाहेर टाकतो. क्षेत्रफळ फक्त या दोन बेरजांमधला फरक सांगते. कार्यक्षमता 400 भागिले 1800, म्हणजे सुमारे 22 टक्के, काढायची तर प्रत्येक टप्प्याची उष्णता वेगळी मोजावी लागते आणि त्यासाठी वायूची विशिष्ट उष्णता माहीत असावी लागते.

चक्राची दिशाही पाहावी लागते. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारे चक्र इंजिनाचे असते. तोच आयत उलट दिशेने फिरला, तर वायूवर 400 ज्यूल कार्य होते आणि तितकीच निव्वळ उष्णता बाहेर पडते. शीतकपाटाचे चक्र याच दिशेचे असते. आकृती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी स्वतःलाच छेदत असेल, तर दोन्ही भागांच्या दिशा उलट असतात आणि त्यांची वजाबाकी करावी लागते.

वायू इतक्या सावकाश बदलला पाहिजे, की प्रत्येक क्षणी त्याचा दाब सर्वत्र सारखा राहील. एकाएकी फुटलेल्या पडद्यातून वायू पसरला, तर मधल्या अवस्थांना एकच एक दाब नसतो, आलेखावर रेषाच काढता येत नाही आणि क्षेत्रफळावरून कार्य सांगता येत नाही.