गोल घेराचा स्कर्ट : आधी लटकवा, मग दुमडा



स्नेहसंमेलनाच्या नाचासाठी आमच्या पाचवीच्या वर्गात एकदा रेयॉनचा पूर्ण गोल घेराचा स्कर्ट शिवायला घेतला होता. शिंपीदादा ज्याला 'अंब्रेला' म्हणतात, तोच. मुलांना वर्तुळ दाखवायचं म्हणून खडूला दोरा बांधून, कंपाससारखा फिरवून, सगळ्यांसमोर कापड कापलं. टेबलावर घेर अगदी ताटासारखा गोल दिसत होता. पट्टा लावून स्कर्ट अडकवून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर खालची कड चार ठिकाणी खाली ओघळलेली. एक मुलगी लगेच म्हणाली, "बाई, तुमचं वर्तुळ चुकलं!"

वर्तुळ चुकलं नव्हतं. कापड त्याच्या स्वभावाप्रमाणे वागलं होतं. संमेलनाच्या फोटोत पुष्कळ मुलींच्या स्कर्टची कड अशी वरखाली दिसते, आणि दोष शिवणाऱ्या आईला दिला जातो. खरं तर चूक एवढीच असते, की कापल्या कापल्या लगेच खालची दुमड घातली गेली. म्हणून आज फक्त या एका कामाबद्दल बोलू.

कड ओघळते का?

विणलेल्या कापडात उभे आणि आडवे धागे असतात. उभ्या धाग्यावर कापड ओढून बघा, जवळजवळ ताणलं जात नाही. आडव्यावर थोडंसं ताणलं जातं. पण तिरकं, म्हणजे कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे ओढा, ते मस्त लांब होतं आणि त्याच वेळी रुंदीला आकसतं. धाग्यांचे छोटे चौकोन तिरके होऊन शंकरपाळ्यासारखे होतात. या तिरक्या दिशेला शिवणकामात 'उरेब' म्हणतात.

एकाच अखंड तुकड्यातून कापलेल्या गोल स्कर्टमध्ये समोर आणि मागे मध्यावर उभा धागा येतो, दोन्ही बाजूंना आडवा येतो. या चारांच्या बरोबर मधे, चार ठिकाणी, कापड पूर्ण उरेब लटकतं. स्कर्टच्या स्वतःच्या वजनाने तेवढेच चार भाग लांबतात. त्यामुळे कड कुठेही कशीही नाही, तर ठरलेल्या चारच जागी खाली येते. मुलांना हे आधी ओळखायला सांगा, मग स्कर्ट दाखवा.

किती वेळ आणि कसा लटकवायचा?

कापड कापण्याआधीच धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. रेयॉन आणि सुती कापड आटतं. ते आटणं आणि हे ओघळणं एकत्र झालं तर काहीच कळत नाही.

कमरेचा पट्टा शिवून झाल्यावरच स्कर्ट लटकवायचा. पट्ट्याशिवाय लटकवला तर वजन कमरेच्या कापलेल्या कडेवर येतं आणि कंबरच मोठी होते. एका खिळ्याला अडकवू नका. हँगरला पट्टा चार-सहा चिमट्यांनी धरा, म्हणजे घेर सगळीकडे सारखा मोकळा पडेल. खालची कड जमिनीला, खुर्चीला टेकता कामा नये. किमान एक दिवस आणि एक रात्र ठेवा. रेयॉन, जॉर्जेट अशा सुळसुळीत, सैल विणीच्या कापडाला दोन दिवस द्या. घट्ट विणीचं सुती कापड थोडंच ओघळतं, पण एक दिवस त्यालाही हवाच.

खूण जमिनीपासून

इथे बहुतेक जण चुकतात. टेबलावर स्कर्ट पसरून, कमरेपासून टेपने सगळीकडे सारखं माप घेतात. टेबलावर पडलेल्या कापडावर वजन नसतं, त्यामुळे उरेब भाग परत थोडा आकसतो आणि माप फसवं येतं. शिवाय पोट, नितंब यांवरून कापड वर उचललं जातं, ते टेबलावर कसं कळणार? म्हणून माप जमिनीपासून वर घ्यायचं, आणि तेही स्कर्ट अंगात असताना.

आमचंच उदाहरण घ्या. कंबर ६० सेंमी. तिला ६.२८ ने भागलं की त्रिज्या साधारण साडेनऊ. स्कर्टची लांबी हवी ५०, त्यात खाली दीड सेंमी जास्त ठेवून ६१ सेंमी त्रिज्येवर कापलं. म्हणजे १२२ सेंमी व्यासाचं वर्तुळ, ५८ इंची पन्ह्यात आरामात बसतं.

दोन दिवसांनी मुलीला स्कर्ट घालून, नाच अनवाणी होता म्हणून अनवाणीच, सरळ उभं केलं. लाकडी पट्टी जमिनीवर उभी धरून आधी नुसती एक फेरी मारली. समोर मध्यावर कड जमिनीपासून साडेतेहतीस सेंमी वर होती, आणि उरेब जागी साडेतीस. म्हणजे तीन सेंमी ओघळ. सगळ्यात आखूड जागा सापडली की रेघ तिच्यावरून ठरवायची, कारण तिथे कापड वाढवता येत नाही. तयार कड ३५ सेंमीवर धरली.

मग दर सहा-सात सेंमीवर पट्टीच्या ३५ च्या आकड्याशी खडूची खूण. मुलीने फिरायचं नाही, खाली वाकून बघायचं नाही. फिरायचं ते आपण. ती वाकली की मागची कड वर जाते आणि खूण चुकते.

स्कर्ट काढून टेबलावर पसरा आणि खुणा हलक्या हाताने गोलसर रेघेने जोडा. एखादीच खूण शेजारच्यांपेक्षा फारच वेगळी असेल तर ती हललेल्या क्षणाची समजून सोडून द्या. या रेघेच्या खाली बरोबर १ सेंमी ठेवून कापा. आमच्या स्कर्टमधून समोर जेमतेम अर्धा सेंमी निघालं, उरेब जागी साडेतीन. ती कापलेली चिंधी जपून ठेवा. चार ठिकाणी रुंद, चार ठिकाणी अरुंद अशी ती पट्टी पाहिली की मुलांना वेगळं काही समजावावं लागत नाही.

दुमड बारीकच का?

"बाई, पुढच्या वर्षासाठी चार बोटं मार्जिन ठेवा ना," असं पालक हमखास म्हणतात. सरळ चुण्यांच्या स्कर्टला ते चालतं, गोल स्कर्टला नाही. गोलाची बाहेरची कड आतल्या रेघेपेक्षा लांब असते. ती वर दुमडली की लांब कड आखूड जागेत बसवावी लागते.

दुमड d रुंदीची असेल, तर कड तयार रेघेच्या d बाहेरून d आत येते. म्हणजे त्रिज्येत 2d चा फरक, आणि परिघात 2π × 2d = 4πd चा. अडीच सेंमीची दुमड घेतली तर तब्बल ३१ सेंमी कापड जास्त होतं. ते कुठे जाणार? चुण्या पडतात, इस्त्रीने दाबल्या तरी दिसतात. दुमड फक्त ३ मिमीची घेतली तर जादा कापड चार सेंमीहूनही कमी, आणि आमच्या पावणेचार मीटर घेरावर ते पसरतं. दर दहा सेंमीला जेमतेम एक मिलिमीटर. तेवढं कापड निमूट सामावून घेतं. गंमत म्हणजे या हिशोबात स्कर्टची त्रिज्या येतच नाही! आठवी-नववीच्या गणिताच्या तासाला हे जरूर द्या.

वाढत्या मुलीसाठी मार्जिन हवंच असेल तर पुढच्या वर्षी कमरेला सपाट योक जोडता येतो. खालून सोडायला काही नसतं, हे पालकांना आधीच सांगून ठेवा.

रोल हेम, तीन टिपांत

सुई ११ नंबरची, दोरा बारीक, टाका साधारण २ मिमी.

पहिली टीप कापलेल्या कडेपासून ७ मिमी आत, सगळ्या घेराला एकेरी कापडावर मारा. कापड मागून पुढून ओढू नका, मशीनला स्वतः नेऊ द्या. ही टीप उरेब भागाला ताणू देत नाही आणि दुमडायची रेघही दाखवते. आता कड उलट बाजूला याच टिपेवर दुमडा, टीप जेमतेम आतल्या बाजूला जाईल अशी, आणि इस्त्री करा. इस्त्री घासायची नाही, उचलून दाबायची. घासली की उरेब परत ताणलं जातं.

दुसरी टीप या घडीच्या अगदी जवळ, एक मिमीवर मारा. मग आतलं जादा कापड टिपेच्या लगत छोट्या कात्रीने कापून टाका. खालचा थर कात्रीत येत नाही ना, हे बोटाने चाचपत जा. हे कापणं नीट झालं नाही तर हेम जाड आणि गाठाळ दिसतं.

तिसऱ्यांदा कड ३ मिमी वळवा, म्हणजे कापलेली कड पूर्ण आत लपेल, आणि दुसऱ्या टिपेवरूनच तिसरी टीप मारा. सुलट बाजूने एकच टीप दिसते, उलट बाजूला दोन. मशीन नसेल तर दुसऱ्या टिपेऐवजी धावदोरा घालून शेवटी हाताने हेम टाका घाला. वेळ लागतो, पण कड जास्त मऊ पडते.

बिघडलं कसं ओळखायचं?

कड लाटांसारखी हलत असेल तर शिवताना कापड ताणलं गेलं. ओलसर कापड ठेवून वाफेची इस्त्री दाबून बघा. सुळसुळीत कापडावर तेवढ्याने जमलं नाही तर तो भाग उसवून परत शिवावा लागतो. हेमवर तिरक्या सुरकुत्या, दोरीला पीळ दिल्यासारख्या दिसल्या, तर शिवताना वरची घडी पुढे सरकली. तेवढाच भाग उसवा, इस्त्रीने घडी बसवा, कच्चा टाका घाला आणि मग टीप मारा.

कापड जाड असेल, डेनिम किंवा जाड खादी, तर रोल हेमच्या नादी लागू नका. दुहेरी वळण तिथे बसतच नाही. त्याला वेगळ्या कापडाची उरेब पट्टी आतून लावा. आणि वेळ नाही म्हणून दुकानातून पिको करून आणणार असाल तर जरूर आणा, पण लटकवणं आणि जमिनीपासूनची खूण टाळू नका. पिकोने कड सुबक होते, सरळ होत नाही.

स्कर्ट तयार झाल्यावर मात्र हँगरला वर्षभर टांगून ठेवू नका. घडी करून कपाटात ठेवा, नाहीतर त्या चार जागा पुन्हा हळूहळू खाली येतील.