‘tbh’ म्हणजे खरंच खरं?

brb हे संक्षिप्त रूप तयार झाले, कारण चॅटवर बोलणाऱ्यांना एकमेकांची खुर्ची दिसत नव्हती. ‘बी राइट बॅक’, म्हणजे ‘लगेच परत येतो’. 1988 साली फिनलंडमधील औलू शहरात यार्को ओइकारिनेन यांनी इंटरनेट रिले चॅट ही गप्पांची व्यवस्था सुरू केली. तिथली बैठक खऱ्या खोलीतल्या बैठकीसारखीच होती. त्या क्षणी जे जोडलेले असतील ते हजर, बाकीचे गैरहजर. कुणी दोन मिनिटे गप्प राहिले, की तो चहा आणायला गेला आहे, रुसला आहे, की फोनची लाइन तुटली आहे, हे इतरांना कळायला मार्ग नसे. उठण्यापूर्वी brb टाइप केले, की हा प्रश्न मिटत असे. त्या व्यवस्थेत `/away` अशी एक आज्ञाही होती. ती दिली की माणूस जागेवर नसल्याचा निरोप आपोआप जाई. थोडक्यात, brb ही तेव्हा निव्वळ माहिती होती, दुकानाच्या दारावर लटकवलेल्या ‘जेवायची सुटी’ या पाटीसारखी.

भारतात 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, आणि पुढच्या काही वर्षांत सायबर कॅफेत तासाच्या दराने बसून चॅट करणारी एक पिढी तयार झाली. घड्याळ चालू, बाहेर रांग, आणि समोरचा माणूस पुन्हा कधी ऑनलाइन सापडेल याचा नेम नाही. या पिढीने brb अगदी शब्दशः वापरले. brb म्हटले, की परत यायचे.

व्हॉट्सअ‍ॅपने ही खोलीच मोडून टाकली. तिथल्या गप्पांना सुरुवात नसते आणि शेवटही नसतो. फोन खिशातच असतो, आणि उत्तर तीन तासांनी आले तरी त्यात कुणाला वावगे वाटत नाही. जिथून कुणी उठतच नाही, तिथे ‘उठतो’ असे सांगायचे कारण उरत नाही. brb चे मूळ काम संपले, पण अक्षरे शिल्लक राहिली आणि त्यांनी दुसरे काम धरले. आजची कॉलेजातली मुलगी निकाल पाहून ‘brb radte’ असे लिहिते, तेव्हा ती कुठेही गेलेली नसते आणि बहुधा रडतही नसते. ‘हे फारच झालं’ एवढेच तिला सांगायचे असते. हाच निरोप सायबर कॅफेच्या काळातल्या मामाने वाचला, तर तो ‘काय झालं? फोन करू का?’ असे विचारतो. त्याच्या लेखी भाची खरोखरच उठून रडायला गेलेली असते.

मराठी माणसाला हा प्रकार परका वाटू नये. घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, आणि पाहुणा सहा महिने फिरकला नाही तरी त्याने खोटे बोलल्याचा आरोप कुणी करत नाही. शब्दाचा अर्थ एक आणि त्याचे काम दुसरे, हे दोघांनाही माहीत असते. चॅटच्या संक्षेपांची अडचण एवढीच, की त्यांचे काम वीस-पंचवीस वर्षांत बदलले, आणि जुने काम शिकलेले लोकही त्याच ग्रुपमध्ये आहेत.

imo च्या बाबतीत बदल इतका ढळढळीत नाही. ‘इन माय ओपिनियन’, माझ्या मते. संगणकजोडणीवरून अनोळखी लोक लांबलचक वाद घालत, त्या काळात हा शब्दप्रयोग रुळला. समोरच्याचा चेहरा दिसत नसल्यामुळे साधे विधानही अंगावर आल्यासारखे वाटे, म्हणून वाक्याच्या सुरुवातीलाच मवाळपणाची ही उशी ठेवली जाई. आणखी नम्र व्हायचे असेल तर imho, ‘माझ्या अल्पमतीप्रमाणे’. गंमत म्हणजे त्यातला h ‘हंबल’चा, म्हणजे नम्रतेचा, की ‘ऑनेस्ट’चा, म्हणजे प्रामाणिकपणाचा, यावर वापरणाऱ्यांचेच एकमत नाही. एकाच चार अक्षरांत कुणी मान लववतो, तर कुणी छाती पुढे काढतो. तरुणांच्या लेखनात imo बहुतेकदा वाक्याच्या शेवटी येते: ‘dusra part jasta bhari aahe imo’. सुरुवातीचे imo वादाला आमंत्रण देत असे, की हे माझे मत, आता तुमचे सांगा. शेवटचे imo बहुधा विषय आवरता घेते: ही माझी आवड, यावर भांडायला नको. त्याला सविस्तर उत्तर लिहिणारा काका पुतण्याला भांडखोर वाटतो, आणि उत्तराला नुसता अंगठा दाखवणारा पुतण्या काकाला उर्मट.

सर्वांत लांबचा प्रवास tbh ने केला आहे. ‘टू बी ऑनेस्ट’, अर्थात ‘खरं सांगायचं तर’. बोलण्यात हे शब्द आले, की मराठी कान आपोआप सावध होतात, कारण त्यांच्या मागून सहसा कडू काहीतरी येते. ‘खरं सांगायचं तर, भाजी जरा खारटच झालीये.’ tbh चा पहिला वापरही असाच होता. 2010 नंतरच्या काही वर्षांत मात्र अमेरिकेतील शाळकरी मुलांनी फेसबुकवर आणि पुढे इन्स्टाग्रामवर एक खेळ सुरू केला. ‘ही पोस्ट लाइक करा, तुम्हाला tbh मिळेल’ असे एकाने जाहीर करायचे, आणि ज्यांनी लाइक केले त्यांच्याबद्दल आपल्याला काय वाटते ते लिहायचे. चारचौघांत लिहायचे असल्यामुळे बहुतेक जण गोडच लिहीत. होता होता tbh हे नाम बनले, आणि त्याचा अर्थ झाला ‘कौतुकाचे दोन शब्द’. 2017 मध्ये याच नावाचे एक अ‍ॅप निघाले. त्यात मुलांना आपल्या मित्रांविषयी फक्त चांगल्या गोष्टींचे प्रश्न विचारले जात, आणि मत देणाऱ्याचे नाव गुप्त राही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फेसबुकने ते विकत घेतले आणि जुलै 2018 मध्ये बंदही केले. कडू सत्याची सूचना देणारी तीन अक्षरे दहा वर्षांच्या आत स्तुतीचे नाव झाली होती.

पुढे ते नामही मागे पडले आणि tbh वाक्याच्या शेपटाला जाऊन बसले. एका कुटुंबाच्या ग्रुपची कल्पना करता येईल. मावशी नव्या साडीतला फोटो टाकते. तिची एकोणीस वर्षांची भाची लिहिते, ‘khup chhan distes tbh’. मावशी tbh चा अर्थ शोधते आणि तिला ‘खरं सांगायचं तर’ सापडते. आता प्रश्न पडतो: मग गेल्या दिवाळीत ‘छान दिसतेस’ म्हणाली होती ते खोटे होते का? की छान दिसणे हे आश्चर्य आहे? भाचीच्या मनात यातले काहीच नाही. तिच्या वाक्यातले tbh साधारण ‘हं’ किंवा ‘अगदी’ याच्या जागी आले आहे. ते विधानाला सहजपणा देते, कौतुक फार औपचारिक होऊ देत नाही. भाचीने तेच ‘tbh, chhan distes’ असे लिहिले असते, तर मावशीची शंका बरीच रास्त ठरली असती. सुरुवातीच्या tbh ला ‘तुला पटणार नाही, पण’ असा वास अजूनही येतो.

यावरून अर्थ ओळखायची एक साधी कसोटी मिळते. संक्षेपाच्या जागी त्याचे पूर्ण रूप मराठीत ठेवून वाक्य मोठ्याने वाचावे. ‘लगेच परत येतो, रडते’ किंवा ‘छान दिसतेस, खरं सांगायचं तर’ असे काही अडखळणारे वाक्य निघाले, तर तिथे संक्षेप शब्दार्थाने आलेला नाही, तो स्वर सांगतो आहे. वाक्य सरळ निघाले, तर जुना अर्थ घ्यायला हरकत नाही. ‘brb, daravar konitari aala aahe’ हे आजही शब्दशः खरे असते.

शब्दार्थ सोडून स्वर झालेल्या संक्षेपांत lol सर्वांत पुढे आहे. ‘लाफिंग आउट लाउड’, मोठ्याने हसणे. पण आज ‘mi pan visarlo lol’ असे लिहिणारा हसत नसतो, चूक कबूल करताना थोडा ओशाळलेला असतो. अमेरिकन भाषातज्ज्ञ जॉन मॅकव्हॉर्टर यांनी 2013 च्या एका व्याख्यानात हा मुद्दा मांडला होता. त्यांच्या म्हणण्यानुसार lol आता विनोदाचे उरलेले नाही, समोरच्याशी आपले जुळते आहे हे ते सुचवते. आपल्या ‘बरं का’ला तरी शब्दशः कुठला अर्थ आहे? याच अक्षरांना काहींनी ‘लॉट्स ऑफ लव्ह’, खूप प्रेम, असे समजून घेतले. ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून हे वृत्तपत्रसमूहाच्या प्रमुख रेबेका ब्रुक्स यांना पाठवलेल्या संदेशांखाली कधीकधी याच समजुतीने lol लिहीत. ब्रुक्स यांनी 2012 मध्ये लेव्हसन चौकशीपुढे साक्ष देताना हे सांगितले, आणि खरा अर्थ कळल्यावर त्यांनी ते थांबवल्याचेही सांगितले. अशी गल्लत लवकर उघड होत नाही. आनंदाच्या निरोपाखाली ‘खूप प्रेम’ आणि ‘मोठ्याने हसतो’ दोन्ही खपून जातात. शोकसंदेशाखाली ते आले तरच बिंग फुटते.

वयाचा हा फरक मात्र जन्मतारखेवरून काढता येत नाही. कॅनेडियन भाषातज्ज्ञ ग्रेचेन मॅक्युलक यांनी 2019 च्या आपल्या पुस्तकात लोकांची गटवारी केली, तेव्हा माणूस इंटरनेटवर कधी आणि कशासाठी आला याला महत्त्व दिले. पन्नाशीतला संगणक अभियंता brb आणि imho विशीतल्या मुलापेक्षा अधिक जुन्या ओळखीने वापरतो. त्याच वयाची त्याची बहीण मुलगा परदेशी गेल्यावर पहिल्यांदा चॅटवर आली असेल, तर तिला दोन्ही नवीन. उलट विशीच्या आतही थर असतात. साली टॅग्लियामॉन्टे आणि डेरेक डेनिस यांनी टोरांटोतील 15 ते 20 वर्षांच्या मुलांच्या चॅटचा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात lol लहान मुलांत जास्त आढळले, आणि वय वाढत जाईल तसे त्याची जागा haha घेत होते. सगळे संक्षेप आणि चॅटची खास रूपे मिळूनही एकूण शब्दांच्या सुमारे अडीच टक्केच भरली. मुले नुसती आद्याक्षरांत बोलतात हा मोठ्यांचा समज तिथे टिकला नाही.

शिवाय एकच मुलगी मैत्रिणींत lol, शिक्षकांना पूर्ण वाक्य आणि आजीला नमस्काराचे चित्र पाठवते. ही जाण मराठीत नवी नाही. हाताने पत्रे लिहिली जात तेव्हा वडीलधाऱ्यांना ‘ती.’ आणि ‘शि. सा. न.’, बरोबरीच्यांना ‘सा. न. वि. वि.’ आणि धाकट्यांना ‘चि.’ व ‘अ. आ.’ असा नेम होता. ‘शि. सा. न.’ म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार, पण ते लिहिताना कुणी जमिनीवर आडवा होत नसे. कुणाला कुठला संक्षेप लिहायचा, हे मात्र शाळेत शिकवले जाई. चॅटच्या संक्षेपांना असा धडा कुठेच नाही. ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ने मार्च 2011 मध्ये LOL आणि IMHO यांना जागा दिली, पण tbh वाचून मावशी कधी रागावेल हे शब्दकोशातून कळत नाही. त्यासाठी ती भाचीलाच विचारते, आणि उत्तर येते: ‘kahi nahi ga, asach lihitat lol’.